पुरवठा थांबवण्याचे पत्र

नाशिक जिल्ह्यातील पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात मी येणी वसुलीचा हिशेब सांभाळते. द्राक्षांच्या हंगामात, म्हणजे जानेवारीपासून एप्रिलपर्यंत, आमचा बहुतेक माल निर्यात करणाऱ्या पॅकहाऊसना जातो. अशाच एका जुन्या ग्राहकाचा पुरवठा फेब्रुवारीतल्या एका सकाळी मला थांबवावा लागला.

त्यांच्याशी ठरलेली मुदत बिलाच्या तारखेपासून 30 दिवसांची होती आणि उधारीची मर्यादा 10 लाख रुपयांची. मुदत उलटून 15 दिवस झाले, तर नव्या मालाचा पुरवठा थांबवता येईल, असे त्यांनी सही केलेल्या अटींत लिहिलेले होते. त्या सकाळी न मिटलेल्या बिलांची बेरीज 14,35,000 रुपये दिसत होती आणि त्यांपैकी मुदत उलटलेली बिले 9,25,000 रुपयांची होती. दोन स्मरणपत्रे आधीच गेली होती. मालकांनी यादी पाहून एवढेच सांगितले, ‘आज पत्र पाठवा, आणि डिस्पॅचलाही कळवा.’

पत्र लिहायला घेण्यापूर्वी मी त्यांचे खाते उघडले. तिथे शिल्लक 11,85,000 रुपये होती. बिलांची बेरीज आणि खात्याची शिल्लक यांत अडीच लाखांचे अंतर असेल, तर ग्राहकाची एखादी रक्कम आपल्याकडे येऊन कोणत्याही बिलासमोर न लावता पडून आहे, असे बहुधा समजावे. तसेच झाले होते. तीन आठवड्यांपूर्वी 2,50,000 रुपये बँकेत जमा झाले होते. सोबत बिलांचे क्रमांक आले नव्हते, म्हणून ती रक्कम ‘ऑन अकाउंट’ नोंदवली गेली आणि तशीच राहिली. बँकेची नोंद मीच केली होती, त्यामुळे ही चूक माझी होती. सकाळच्या यादीवरून पत्र गेले असते, तर ज्या माणसाने अडीच लाख दिले होते त्याच्याकडे तेच पैसे मी पुन्हा मागितले असते, आणि त्यानंतर माझ्या पत्रातल्या इतर कोणत्याही आकड्यावर त्याने विश्वास ठेवला नसता.

पैसे कोणत्या बिलाचे, हे देणाऱ्याने सांगितले आणि आपण ते स्वीकारले, तर ते त्याच बिलाला लावावे लागतात. त्याने सांगितले नाही, तर घेणाऱ्याला ठरवता येते. आणि कोणीच ठरवले नाही, तर ते जुन्यात जुन्या देण्यापासून क्रमाने लागतात. 1872 च्या करार कायद्याची 59 ते 61 ही कलमे हेच सांगतात. त्याप्रमाणे मी ती रक्कम सर्वांत जुन्या बिलांना लावली आणि थकबाकी 6,75,000 रुपयांवर आली. त्यांच्या एका बिलातील 38,000 रुपयांच्या खोक्यांबद्दल ती दमट आल्याची लेखी तक्रारही होती आणि आम्ही तिच्यावर अजून निर्णय दिलेला नव्हता. तेवढी रक्कम मी बाजूला ठेवली. ज्या पैशांबद्दल आपणच अजून उत्तर दिलेले नाही, त्यांच्यासाठी माल अडवणे मला योग्य वाटत नाही. राहिले 6,37,000 रुपये, आणि पत्रात तोच आकडा गेला.

दरम्यान फाटकाशी त्यांचाच माल भरलेला ट्रक उभा होता. त्याचे बिल आणि ई-वे बिल सकाळीच झाले होते. 24 तासांच्या आत ते रद्द करता आले असते, म्हणून मालकांचा कल ट्रक रिकामा करण्याकडे होता. मी सांगितले की हा माल आपण त्यांना काही कळवण्याआधी बिल करून दिला आहे, आणि त्यांच्याकडे तोडलेली द्राक्षे खोक्यांची वाट पाहत असतील. थांबवायचे ते पत्रानंतरच्या मागणीपासून थांबवू. ते मालकांना पटले आणि ट्रक गेला. त्याचे बिल मुदतीत असलेल्या 5,10,000 रुपयांत धरलेले होतेच.

आमच्या धंद्यात पुरवठा थांबवणे म्हणजे केवळ संगणकात खाते बंद करणे नव्हे. खोक्यांवर ग्राहकाचे नाव आणि चित्र छापलेले असते, त्यामुळे छापलेला माल दुसऱ्या कोणाला विकता येत नाही. संगणकात नवे बिल अडवले आणि छपाई चालूच राहिली, तर अडकलेला पैसा उधारीतून गोदामात सरकतो, एवढेच. म्हणून मी मागणी घेणाऱ्याला, छपाई विभागाला आणि फाटकावरच्या रखवालदाराला, अशी तिन्ही ठिकाणी लेखी सूचना दिली.

पत्रात थकीत बिलांचे क्रमांक, तारखा आणि रकमा दिल्या; अडीच लाख कोणत्या बिलांना लावले आणि 38,000 का वगळले, तेही लिहिले. पुरवठा पुन्हा कसा सुरू होईल, तो भाग मी दोनदा लिहिला. शेवटी तो असा होता: ‘वरील 6,37,000 रुपये आमच्या बँक खात्यात प्रत्यक्ष जमा झाल्यावर त्याच कामाच्या दिवशी आपला पुरवठा सुरू केला जाईल. पैसे पाठवताना बिल क्रमांक कळवावेत. धनादेश दिल्यास तो वटल्यानंतरच रक्कम जमा धरली जाईल. त्यानंतर आपल्या खात्यावर 5,48,000 रुपये येणे राहील आणि ठरलेल्या मर्यादेत 4,52,000 रुपयांपर्यंत नवा माल घेता येईल.’ शेवटचे वाक्य मुद्दाम घातले होते, कारण थकबाकी भरूनही मर्यादा ओलांडलेली राहिली तर पुढचे बिल पुन्हा अडते, आणि ग्राहकाला आपण फसवले गेलो असे वाटते.

अर्ध्या तासात त्यांच्या हिशेबनिसांचा फोन आला. ‘ताई, आज चार लाखच जमतील. बाकीचे परवा. पण उद्यासाठी खोकी लागतील, त्याचं काय करू?’ त्यांच्या आवाजात राग नव्हता, घाई होती. मी मालकांशी बोलून सांगितले की चार लाख जुन्या बिलांसाठी पाठवावेत, आणि उद्याच्या मालाची पूर्ण रक्कम वेगळी, आगाऊ पाठवावी. बिल तेवढ्याच मालाचे होईल. त्यांनी विचारले, ‘आगाऊ दिलेले तुम्ही जुन्यात वळते केले तर?’ हा प्रश्न अगदी रास्त होता. काही ठिकाणी असे होते, आणि पैसे देऊनही माल न मिळालेला ग्राहक पुन्हा आगाऊ रक्कम देत नाही. त्यांनी आगाऊ रकमेसोबत मागणीचा क्रमांक लिहावा, आणि ती रक्कम केवळ त्या मागणीलाच लावली जाईल असे मी उत्तरात लिहून द्यावे, असे ठरले. मी ते लगेच लिहून पाठवले. संध्याकाळपर्यंत दोन्ही रकमा स्वतंत्र आल्या आणि दुसऱ्या दिवशी आगाऊ रकमेचा माल विशेष परवानगीने गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी व्यवहार क्रमांक कळवला. नुसत्या क्रमांकावर मी बंदी उठवली नाही. साडेअकराला 2,37,000 रुपये बँकेच्या खात्यात दिसल्यावर ती उठवली आणि त्यांना तसे कळवले. दुपारी त्यांच्या हिशेबनिसांचा पुन्हा फोन आला, की बिल झाले आहे पण ट्रक अजून तुमच्या फाटकातच आहे. मी खाली गेले. संगणकातले खाते मी उघडले होते, छपाई विभागालाही सांगितले होते. रखवालदाराच्या वहीतली माझी जुनी सूचना मात्र तशीच होती, आणि त्याने ती इमानाने पाळली होती. मी वहीत बंदी उठवल्याची तारीख आणि वेळ लिहून सही केली, त्याने ओळीवर रेघ मारली, आणि सव्वा तास थांबलेला ट्रक बाहेर पडला.