आठशे ग्रॅमचा हिशोब

एप्रिल म्हणजे आमच्या मिरची कुटायच्या डंकावर श्वास घ्यायला फुरसत नसलेला महिना. साताऱ्याकडे वर्षाची चटणी याच दिवसांत होते, आणि मिरचीच्या पिशव्या दारापासून पार माळ्याच्या शिडीपर्यंत लागलेल्या असतात. अशाच एका मंगळवारी दुपारी भाचा मोबाइल घेऊन आला. "मामी, हे बघितलंस का?" गुगलवर आमच्या कांडपाला एक तारा मिळाला होता आणि खाली लिहिलं होतं: पाच किलो बेडगी दिली, चार किलो दोनशे ग्रॅम पूड परत मिळाली. आठशे ग्रॅम मारले. मिरचीही बदलली असणार. फोन उचलत नाहीत. चोरांचा बाजार आहे, कोणी जाऊ नका.

वाचून कानशिलं तापली. सासूबाईंनी चाळीस वर्षं हा डंक चालवला. त्यांच्या काळात भांडण झालंच तर उंबऱ्यावर व्हायचं आणि संध्याकाळपर्यंत मिटायचं. हे आता गावभर टांगलेलं राहणार होतं.

बाई कोण ते मला वजनावरून लगेच कळलं. वहीत पिशवी क्रमांक ३७, बेडगी ५ किलो, देठासकट, देठ काढणं आणि ऊन देणं आमच्याकडे. कांडपाच्या पैशांवरूनही त्यांनी बरीच घासाघीस केली होती आणि शेवटी साठ रुपये कमीच दिले होते. पहिला मजकूर मी चिडून लिहिला तो इथूनच सुरू झाला होता: "आधी राहिलेले साठ रुपये द्या, मग चोर कोण ते बोलू." यजमानांना तो फार आवडला. ते म्हणाले, गुगलवर टाकून दे.

टाकला नाही. एक तर हात मिरचीचे होते. दुसरं म्हणजे मला वाटलं, हे वाचणार कोण? त्या बाईंचं मत ठरलेलंच आहे. वाचणार ती पुढच्या आठवड्यात पाच किलो मिरची घेऊन निघालेली बाई. तिला साठ रुपयांशी काय देणंघेणं? तिला एवढंच हवं असतं की आठशे ग्रॅम गेले कुठे. शिवाय गिऱ्हाइकाने किती दिलं, किती ठेवलं हे चारचौघांत सांगायला लागले, तर उरलेली गिऱ्हाइकंही माझ्यापासून जपूनच राहतील.

आठशे ग्रॅम कुठे जातात ते आम्हाला अंदाजाने माहीत असतं. पण अंदाज लिहून भागणार नव्हतं. म्हणून रात्री घरातली एक किलो बेडगी देठासकट तोलली आणि देठ काढले. बरोबर नऊशे तीस ग्रॅम राहिली. बुधवारी आणि गुरुवारी ती गच्चीवर कडक उन्हात घातली. बाजारातली मिरची हाताला वाळलेली लागली तरी तिच्यात ओल असते, आणि ती गेल्याशिवाय मिरची नीट कुटली जात नाही, पूडही टिकत नाही. गुरुवारी संध्याकाळी तीच मिरची आठशे पंच्याहत्तर भरली. डंकात घालून, कुटून, चाळून पूड हातात आली तेव्हा काटा आठशे पन्नासवर थांबला. चाळणीवर राहिलेला थोडा जाडसर चुरा आणि हवेत उडालेली धूळ एवढं शेवटचं कमी झालं होतं.

म्हणजे किलोमागे दीडशे ग्रॅम कमी होतात. पाच किलोचे साडेसातशे, हातात यायला हवे चार किलो अडीचशे. त्यांना मिळाले चार किलो दोनशे. पन्नास ग्रॅमचा फरक उरत होता. यजमान म्हणाले, तो कशाला सांगतेस, कोण मोजणार आहे? मी म्हटलं, मोजणाराच वाचणार आहे. मिरचीची ओल प्रत्येक गोणीत वेगळी असते, तेवढा फरक पडतोच. पण तो लपवला असता तर बाकीच्या हिशोबावरही विश्वास बसला नसता.

मिरची बदलल्याचा आरोप मात्र तोलून दाखवता येत नाही. आम्ही एका वेळी एकाचीच पिशवी उखळात घालतो आणि दोन पिशव्यांच्या मध्ये उखळ झाडून घेतो. तरी आधीच्या पुडीतली चिमूटभर तळाला राहतेच. हेही खरं आहे, म्हणून "अजिबात मिसळत नाही" असं मी लिहिलं नाही.

आणि फोनची तक्रार खरी होती. त्यांनी फोन केले त्या दिवसांत डंकाच्या धडधडीत मोबाइल वाजलेला कुणालाच ऐकू आला नव्हता. त्यांचे चार मिस्ड कॉल दिसत होते. मी बुधवारीच उलटा फोन केला होता. "मला वाद घालायचा नाही," म्हणून त्यांनी ठेवून दिला.

शुक्रवारी सकाळी, डंक सुरू करायच्या आधी, मी हे लिहिलं:

"नमस्कार ताई. तुमचे फोन आम्ही उचलले नाहीत, ही आमची चूक आहे, त्याबद्दल माफी मागते. वजनाबद्दल मात्र चोरीचा शब्द मान्य नाही. देठासकट आणलेली मिरची देठ काढून, उन्हात वाळवून, कुटून, चाळून किलोमागे सुमारे दीडशे ग्रॅम कमी होते. काल एक किलो बेडगी पुन्हा तोलून पाहिली, तेव्हाही एवढीच घट आली. त्या हिशोबाने पाच किलोची चार किलो अडीचशेच्या आसपास पूड होते, तुम्हाला त्यापेक्षा पन्नास ग्रॅम कमी मिळाली. एवढा फरक मिरचीतल्या ओलीप्रमाणे पडतो. एका वेळी एकाचीच पिशवी कुटली जाते, तुम्ही कधीही समोर बसून बघू शकता. हे वजन आधीच सांगायला हवं होतं. आजपासून सांगतो."

नाव नाही, साठ रुपये नाहीत, "खोटं" हा शब्दही नाही. "चोरीचा शब्द मान्य नाही" हे वाक्य मात्र मी तीनदा खोडून तीनदा परत लिहिलं. ते काढलं असतं तर सगळंच माफीनामा वाटलं असतं.

भाच्याचं म्हणणं होतं की त्याच्या दहा मित्रांकडून पाच पाच तारे देऊन घेऊ. मी नको म्हटलं. ज्यांनी कधी मिरची कुटायला दिली नाही त्यांचे तारे खोटेच, आणि गुगलच्या नियमातही बसत नाहीत. पुढच्या वेळी कांडप फुकट करून देतो, तेवढं पुसून टाका, असं म्हणायचाही मोह झाला होता. त्यालाही बंदीच आहे. भाच्याने मजकूर काढण्यासाठी गुगलकडे तक्रारही करून पाहिली, पण तो राहिलाच. हिशोब कुणाचा खरा याचा निवाडा ते करत नाहीत, शिवीगाळ किंवा बनावट मजकूर असेल तर बघतात.

बाईंनी उत्तर दिलं नाही. तारा एकच आहे, अजूनही.

त्याच शुक्रवारी दारात पाटी लावली: देठासकट १ किलो, पूड सुमारे ८५० ग्रॅम. पिशवी घेताना वजन आता गिऱ्हाइकासमोर चिठ्ठीवर लिहितो, देठ काढल्यावरचं आणि उन्हानंतरचंही. मे महिन्यात एक बाई आल्या, सहा किलो मिरची, देठ घरीच काढलेले. पिशवी काट्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "ते गुगलवरचं तुमचंच ना? मग पाटीवर देठ काढलेल्या मिरचीचंही लिहा की, आमची घट वेगळी येणार." खडू शोधला, पण तो मिरचीच्या पिशव्यांखाली कुठेतरी गेला होता.