चरा गाडीचा, धूळ फोटोची

"ताई, गाडी विकायला काढलीये. फोटोत दारावरचा चरा तेवढा पुसून द्याल का? सगळेच पुसतात, त्यात फसवणूक कसली?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाही देत पुसून. बाकी बरंच काही पुसते. पत्र्यावरची धूळ, पाण्याचे वाळलेले डाग, काचेत दिसणारी मी आणि माझा कॅमेरा, मागचा विजेचा खांब, नंबरप्लेटवरचे आकडे. यातलं काहीही गाडीबरोबर घेणाऱ्याच्या दारात जाऊन उभं राहत नाही. चरा राहतो. माझा हिशेब एवढाच आहे.

इथे इंदूरला, राजेंद्रनगरातल्या एका काकांची गडद निळी मेटॅलिक गाडी होती. मागच्या डाव्या दारावर तळहाताएवढा पोचा आणि त्याच्या मधोमध बोटभर लांबीचा चरा. पार्किंगमधल्या लोखंडी पाइपाला घासली होती. काका माणूस सरळ. म्हणाले, "पोचा राहू दे गं, मी काही लपवत नाहीये. तो पांढरा चरा मात्र डोळ्यात खुपतो, तो घालव." ऐकायला अगदी निरुपद्रवी मागणी. हीलिंग ब्रश एकदा फिरवला की काम झालं, चहा निवायच्या आत.

पण त्या दारावरची सगळी किंमत त्या चऱ्यातच होती. गाडीच्या रंगात खाली प्रायमर, त्यावर रंगाचा थर आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. ओरखडा नुसत्या क्लिअर कोटात असेल तर ओलं बोट फिरवल्यावर तो नाहीसा होतो, पाणी वाळलं की परत दिसतो. असा ओरखडा पॉलिशने जातो. काकांच्या चऱ्यावरून मी नख फिरवलं तर ते अडकलं आणि आत करडा प्रायमर दिसत होता. तो पॉलिशने जाणार नव्हता.

आता पोच्याकडे बघा. रंग शाबूत असेल तर कारागीर दाराच्या आतून सळी घालून पत्रा हळूहळू वर ढकलतो आणि कंपनीचा मूळ रंग तसाच राहतो. रंग फुटला असेल तर पत्रा ओढा, पुट्टी भरा, घासा, प्रायमर मारा आणि अख्खं दार रंगवा. मेटॅलिक रंग असला तर शेजारच्या पत्र्यावरही फवारा थोडा ओढावा लागतो, नाहीतर दार वेगळं उठून दिसतं. पुढे कधी ही गाडी पुन्हा विकायची वेळ आली आणि कुणी त्या दारावर रंगाची जाडी मोजायचं यंत्र टेकवलं, तर पुट्टीमुळे आकडा इतर दारांपेक्षा कितीतरी जास्त येतो. मग पहिला प्रश्न असतो, "ठुकली होती का?"

म्हणजे फोटोत पोचा ठेवून चरा पुसला, तर बघणारा प्रामाणिक फोटो समजून चुकीचा खर्च मनात धरतो. त्याला वाटतं, सळीने निघेल. सगळं पुसलेल्या फोटोवर निदान संशय तरी येतो. अर्धं पुसलेला फोटो विश्वास कमावून मग दगा देतो, म्हणून मला तो जास्त वाईट वाटतो.

पोचा पुसणं खरं तर अवघडच असतं. चरा रंगात असतो, पण पोचा आपल्याला दिसतो तो प्रतिबिंबात. चकचकीत पत्र्यात समोरच्या गच्चीची कड, विजेच्या तारा, रस्त्याची रेघ उमटलेली असते आणि पोच्याशी येऊन ती वाकते. पुसणारा तिथे शेजारचा गुळगुळीत रंग चिकटवतो, म्हणजे रेघ दारात शिरते आणि मध्येच विरून जाते. ऑनलाइन फोटो बघताना पुढच्या मडगार्डपासून टेललाइटपर्यंत अशी एक रेघ पकडा आणि डोळ्याने तिच्यामागे चालत जा. जिथे ती कारणाशिवाय संपते, तिथे प्रत्यक्षात हात फिरवून बघा. मेटॅलिक रंगाची बारीक चकाकी एकाच पट्ट्यात गायब असेल, तर तिथेही.

एकाने तर मला चांगली बाजू उलटी करून खराब बाजू म्हणून लावायला सांगितली होती. नंबरप्लेट झाकलेलीच, कोणाला कळणार? मी त्याला स्टीअरिंग दाखवलं. ते डावीकडे गेलं होतं!

आता खरी पंचाईत सांगते. काही न पुसताही हे सगळं करता येतं. लेन्ससमोर पोलरायझर फिल्टर लावून तो फिरवला की पत्र्यावरचं प्रतिबिंब विझतं, रंग गडद दिसतो आणि प्रतिबिंबाबरोबर पोचाही नाहीसा होतो. गाडी ओली करून फोटो काढला की हलके ओरखडे दिसत नाहीत. सूर्य मावळल्यावरच्या मऊ उजेडातही तेच. फोटोशॉप उघडलेलंसुद्धा नसतं. म्हणून "आम्ही एडिटिंग करत नाही" या वाक्याला मी फारसं महत्त्व देत नाही. मी स्वतः फिल्टर वापरते, पण त्याच बाजूचा एक फोटो फिल्टरशिवाय आणि कोरड्या पत्र्याचा देते.

रंगाचंही असंच आहे. पूर्ण फोटोचा पिवळेपणा काढला तर काही बिघडत नाही, कॅमेऱ्याची चूक आपण सुधारतो. पण एकच दार शेजारच्या दारापेक्षा वेगळं दिसतंय म्हणून तेवढ्याचीच छटा जुळवून दिली, तर दार पुन्हा रंगवल्याचा पुरावाच पुसला जातो. पूर्ण फोटोला लागू होणारा बदल मी करते, एका पत्र्यापुरता नाही.

कायद्याचं म्हणाल, तर 1872च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 17 मध्ये हा फरक आहे. एखाद्या गोष्टीबद्दल नुसतं गप्प राहणं एरवी कपट ठरत नाही, पण माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणं कपटात मोडतं. दाराचा फोटोच न लावणं आणि लावलेल्या फोटोतला चरा पुसणं यांत मला तरी हेच अंतर दिसतं. विक्रेता डीलर असेल तर 2019चा ग्राहक संरक्षण कायदाही येतो. महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणारी जाहिरात त्यात दिशाभूल करणारी मानली आहे. "दिखावटी फोटो" असं बारीक अक्षरात खाली लिहिणारे असतात, पण ते नव्या गाडीच्या कॅटलॉगला ठीक. जुनी गाडी एकच असते, ती नमुना नसते.

काकांचं काय केलं ते सांगते. गाडी धुऊन कोरडी पुसली, बाजूने खाली वाकून असा कोन धरला की समोरच्या इमारतीची कड पोच्यावरून वाकलेली स्पष्ट दिसेल. दुसरा फोटो जवळून, चऱ्याशेजारी पाच रुपयांचं नाणं धरून, म्हणजे आकार कळावा. मग त्यांना डेंटरकडे पाठवलं. त्याने दाराचे साडेचार हजार सांगितले, ते जाहिरातीत लिहिले. काका कुरकुरले, "आपणच आपले दोष मोजून द्यायचे?" उज्जैनहून एक जोडपं आलं. त्यांनी दाराकडे एकदा बघितलं आणि सगळा वेळ टायरांवर घासाघीस केली. टायर खरंच झिजलेले होते, त्यांचा फोटो मी काढला नव्हता. आता प्रत्येक टायरची नक्षी जवळून घेते, त्याचे वेगळे पैसे लावत नाही.