हजेरीपट ते तक्ता, नोंद ४ : पूर्ण हजेरीचे दिवसच गायब

वर्गाच्या बाईंच्या हजेरीपटाच्या फोटोवरून हजेरीचा तक्ता काढणारा कोड लिहितोय. त्यातून जूनचं पान नीट निघालं म्हणून मागच्या नोंदीत खुशीत होतो. जुलैचं पान घातलं आणि सगळं कोसळलं. जो मुलगा एकही दिवस चुकला नाही, त्याची हजेरी भलतीच कमी. बाईंना तक्ता दाखवायची सोयच राहिली नाही.

तीन संध्याकाळी यात गेल्या. आपली पद्धत तुम्हाला ठाऊक आहे: फोटो सरळ करायचा, काळा-पांढरा करायचा, उभ्या-आडव्या रेघा शोधायच्या, त्यांवरून चौकटी कापायच्या. ३१ दिवसांच्या रकान्यांना ३२ उभ्या रेघा हव्यात. मला सापडल्या ३५. तीन जास्तीच्या रेघांनी तीन रकान्यांचे दोन-दोन तुकडे झाले, पुढच्या तारखा उजवीकडे सरकल्या आणि महिन्याचे शेवटचे दिवस पानाबाहेर गेले.

या जास्तीच्या रेघा आल्या कुठून? शेवटी पडद्यावर चित्र मोठं करून ३ तारखेचा रकाना वरपासून खालपर्यंत डोळ्यांनी पाहिला, तेव्हा उलगडलं. बाई हजर मुलासमोर उभा दंड मारतात, गैरहजराला ‘गै’. त्यांचा हात इतका सरळ की ज्या दिवशी तिसाच्या तीस मुलं हजर, त्या दिवशीचे तीस दंड एकाखाली एक अगदी ओळीत बसतात. दंड वर-खाली आडव्या रेघांना टेकतो, त्यामुळे मधली फटही भरून निघते. माझ्या कोडला ती छापील रेघच वाटली:

```python
v = cv2.getStructuringElement(cv2.MORPH_RECT, (1, 60))
lines = cv2.morphologyEx(ink, cv2.MORPH_OPEN, v)
```

एका ओळीची उंची ४२ पिक्सेल, म्हणून ६० चा तुकडा ठेवला की एकटा दंड वाचेल असा माझा हिशेब. पण जोडलेले तीस दंड साडेबाराशे पिक्सेल भरतात. ३, ११ आणि २४ तारखेला नेमकं हेच झालं होतं. शिवाय सापडलेल्या रेघा मी पुसून टाकत होतो, म्हणजे हजेरीही पुसली जात होती. जूनमध्ये शाळा अर्ध्यावर सुरू झाली, पूर्ण हजेरीचा एकही दिवस नव्हता, म्हणून तिथे हे कळलं नाही.

६० चे ४०० करून पाहिले. जोडलेले दंड तरीही टिकले, उलट शिवणीजवळ पान वाकतं तिथल्या खऱ्या रेघाच तुटल्या. रंगावरून वेगळं करावं तर छापील रेघ फिकी निळी आणि बॉलपेनही निळं.

मग उपाय सुचला तो सरळ होता. रेघा अशा जागी शोधायच्या जिथे दंड असूच शकत नाहीत: वरची तारखांची पट्टी आणि शेवटच्या मुलाखालच्या रिकाम्या ओळी.

```python
top = ink[y_head:y_head+40].mean(axis=0)
bot = ink[y_last+10:y_last+130].mean(axis=0)
```

तारखेचे आकडे पट्टीभर उंच नसतात, रेघ असते, म्हणून शिखर ओळखू येतं. वरची बत्तीस आणि खालची बत्तीस शिखरं जोडली की रकाने तयार. यासाठी पान सपाट हवं, म्हणून जुन्या तसबिरीची काच वर ठेवली. फोटो पडवीत सकाळी, फ्लॅश बंद. फोनचा साधा कॅमेराच वापरा. स्कॅन करणारी ॲप्स ‘उजळ’ करण्याच्या नादात फिक्या रेघा खातात.

रेघा आता पुसत नाही. चौकटीच्या चारही बाजूंनी ६ पिक्सेल सोडून आतली शाई बघतो: अरुंद असेल तर दंड, अर्ध्या चौकटीपेक्षा रुंद असेल तर ‘गै’. सुट्टीच्या रकान्यात बाई ‘र वि वा र’ वरून खाली लिहितात, त्यातला ‘र’ दंडासारखा मोजला जात होता. म्हणून सुट्ट्या हाताने देतो. चार रविवार आणि पावसामुळे १५, १६ बंद, म्हणजे ३१ − ४ − २ = २५ दिवस. २२ दिवस हजर असेल तर ८८ टक्के. या दोन सुट्ट्या विसरलात तर तोच मुलगा ८१.४८ वर येतो. नावं मात्र एकदाच टंकून हजेरी क्रमांकाला जोडली आहेत. चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या टेसरॅक्टचं मराठी छापील मजकुरासाठी ठीक, बाईंच्या अक्षरापुढे निरुपयोगी.

हे लिहितालिहिताच पानाच्या कडेकडे लक्ष गेलं. उजवीकडे प्रत्येक मुलाची बेरीज बाईंनी केलेली असते, खाली प्रत्येक दिवसाची. दोन्ही ताडून पाहिल्या. क्रमांक ११ समोर बाईंचे २२, माझे २१. १८ तारखेखाली त्यांचे २८, माझे २७. बाकी सगळं जुळलं. म्हणजे चूक ११ आणि १८ जिथे भेटतात त्याच चौकटीत. उघडून पाहिली: दमट पानावर पाण्याचा थेंब पडलेला, दंड विरून फिकट झालेला. इतका आनंद मला कोड चालल्यावरही झाला नव्हता!

तिथे शाईची मर्यादा खाली आणली नाही. आणली तर मागच्या पानावरची उमटलेली शाईही हजर होते. ती चौकट वेगळ्या फाइलमध्ये हाताने दुरुस्त केली, कारणासकट. फोटोतली लेखी बेरीज मात्र मी टंकूनच घेतो, आणि एखादी न जुळणारी बेरीज एकटीच सापडली तर आधी बाईंना विचारायचं, कारण तिथे बेरजेतही चूक असू शकते.

आता ऑगस्टआधी क्रमांक २७ सोडवायचा आहे. तो जुलै सुरू झाल्यावर दाखल झाला, त्याला २५ नं भागता येणार नाही. प्रत्येक मुलाची दाखल तारीख रकान्यात घालून त्याचे कामाचे दिवस तिथूनच मोजतो.