चार वर्ग, तीन शिक्षक

आज शाळा सुटल्यावर गिरगावातल्या आमच्या छोट्या मराठी शाळेचं वेळापत्रक बसवलं. पहिली ते चौथी चार वर्ग आणि आम्ही तिघं. म्हणजे प्रत्येक तासिकेला कुठले तरी दोन वर्ग एकत्र बसणारच. खरा निर्णय एवढाच, की कोणत्या वेळी कोणते.

पहिली तासिका पहिलीच्या वाचनाला दिली, कारण सकाळी ही मुलं ताजी असतात आणि अक्षरओळख जोडवर्गात होत नाही. त्यामुळे दुसरीलाही स्वतंत्र शिक्षक मिळाला आणि त्या वेळी तिसरी-चौथी एकत्र आली. तिथे तिसरीला परिसर अभ्यास शिकवायचा आणि चौथीने मराठीचं लेखन करायचं. दोन्हीकडे नवा धडा ठेवला, तर एक वर्ग नुसता ताटकळत बसतो. दुसऱ्या तासिकेला उलट केलं. तिसरी आणि चौथीचं गणित वेगवेगळं, पहिली-दुसरी मिळून गाणी आणि चित्रकला.

सगळं बसल्यासारखं वाटलं तेव्हा मोरे बाई म्हणाल्या, "सर, आता शिक्षकवार तक्ता काढून बघा." काढला, तर त्यांच्याकडे मधल्या सुट्टीनंतर सलग तीन जोडवर्ग! वर्गवार तक्त्यात हे दिसतच नाही. मधला जोडवर्ग मी घेतला.

मोकळी तासिका मात्र महाग पडते. एक शिक्षक मोकळा, की उरलेल्या दोघांकडेही जोडवर्ग. म्हणून ती फक्त खेळ आणि कार्यानुभवाच्या वेळी ठेवली. प्रत्येकाला आठवड्यात तीन मिळाल्या. वह्या तपासायला त्या कमीच आहेत.