तुम्ही विचारलंत म्हणून: सोडियमच्या दोन रेघा

"मॅडम, एक्सेलमध्ये एक क्लिक केलं की रेघ येते. तुम्ही तेच आकडे घेऊन दुसरीच रेघ काढता आणि चढ वेगळा सांगता. आमची रेघ चुकली कुठं?"

हिशेबात कुठंच चुकली नाही. तिला जे विचारलं ते तिनं बरोबर सांगितलं. तुम्हाला जे जाणून घ्यायचं होतं, ते तिला कुणी विचारलंच नव्हतं.

हे वाक्य मी धंतोली-रामदासपेठेतल्या लॅबवाल्यांना इतक्यांदा ऐकवलंय की आता ते मलाच उद्धट वाटतं. म्हणून एकदा सविस्तर लिहिते, आणि ज्या प्रकरणामुळे मी या विषयावर चिडते तेही सांगते.

एका लॅबमध्ये रक्त तपासायचा जुना अ‍ॅनालायझर होता आणि नवा आणायचं चाललं होतं. ऐन मे महिना. नागपूरच्या उन्हात आडवी झालेली माणसं रोज येत होती, त्यामुळे सोडियमच्या चाचण्यांना तोटा नव्हता. 60 रुग्णांचे नमुने दोन्ही मशीनवर लावले, जुन्याचं रीडिंग आडव्या अक्षावर, नव्याचं उभ्या अक्षावर, आणि ट्रेंडलाइन. चढ आला 0.81, स्थिरांक 26. म्हणजे जुनं मशीन 120 दाखवतं तिथं नवं जवळजवळ 124 दाखवणार. सोडियम धोकादायक खाली गेलेला रुग्ण नव्या मशीनवर थोडा बरा दिसणार. लॅबच्या डॉक्टरांनी शेरा मारला: नवं मशीन टोकाची रीडिंग मधे ओढतं, नको. विश्वासमर्यादाही 0.65 ते 0.98 अशी निघाली होती. दोन्ही मशीन सारखंच मोजत असती तर चढ 1 यायला हवा. त्या मर्यादेत 1 बसत नव्हता, म्हणजे पुरावाही पक्का.

मला बोलावलं ते नुसती सही करायला. मी म्हणाले, अक्ष उलटे करून बघा. त्यांच्याच एक्सेलमध्ये `SLOPE` चे दोन रकाने अदलाबदल केले. आता नवं मशीन आडव्या अक्षावर, जुनं उभ्या. चढ 0.76. याच न्यायानं जुनं मशीन टोकाची रीडिंग मधे ओढतं, आणि नव्यापेक्षा जास्तच ओढतं! दोन मशीन एकमेकांपेक्षा आखूड असू शकत नाहीत. पण कागदावर तर तसंच दिसत होतं.

खोलीत कूलरचा आवाज तेवढा. मशीन विकायला आलेला पोरगा खुशीत म्हणाला, "पाहा ना सर, मी तेच तर सांगून राहिलो होतो." तो असलं काहीच सांगत नव्हता, पण असो.

आता असं का होतं ते. एक्सेलची साधी रेघ प्रत्येक बिंदूपासूनचं फक्त उभं अंतर मोजते आणि त्यांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करते. त्यात न बोललेली अट अशी की आडव्या अक्षावरचा आकडा निर्दोष आहे, सगळी गडबड उभ्या आकड्यात आहे. आडव्या अक्षावर वेळ असेल किंवा तराजूनं मोजून घातलेला डोस असेल तर ही अट चालते. इथं मात्र आडव्या अक्षावरही एक मशीनच होतं, आणि तेच रक्त त्याच्यात दुसऱ्यांदा घातलं की आकडा दीडेक मिलीमोल इकडेतिकडे व्हायचा. जुन्या मशीनवर ज्यांचं रीडिंग सगळ्यात वर आलं, त्यांतल्या काहींचं सोडियम खरंच जास्त होतं आणि काहींना जुन्या मशीनच्या चुकीनं वर ढकललं होतं. नव्या मशीनला ती चूक ठाऊक नाही, त्यामुळे तिथं ही माणसं खाली उतरतात. खालच्या टोकाला याच्या उलट. बिंदूंचा ढग आडवा ताणला जातो आणि रेघ झोपते. उभी गडबड अशी रेघेला झोपवत नाही, ती बिंदूंना रेघेच्या वरखाली सारखीच पसरवते.

रेघ किती झोपते तेही काढता येतं. त्या 60 नमुन्यांत जुन्या मशीनच्या रीडिंगचा व्हेरियन्स, म्हणजे आकडे किती पसरलेत त्याचं माप, 11.3 होता. त्यातला 8.8 च्या आसपास माणसामाणसांतला खरा फरक, उरलेला 2.5 मशीनची गडबड. 8.8 भागिले 11.3 म्हणजे 0.78. खरा चढ कितीही असो, साधी रेघ त्याचा 78 टक्केच भाग दाखवणार. आणि हे नमुने वाढवून सुधरत नाही. 60 चे 6000 करा, रेघ त्याच चुकीच्या चढाला आणखी घट्ट धरते. विश्वासमर्यादा आक्रसते आणि चुकीच्या आकड्यावरचा विश्वास तेवढा वाढतो.

ग्लुकोजमध्ये हे एवढं जाणवत नाही, कारण तिथं माणसांची रीडिंग सत्तरपासून चारशेपर्यंत पसरलेली असतात. खरा फरक प्रचंड, त्यापुढे गडबड किरकोळ. सोडियम शरीर फार हलू देत नाही. बहुतेकांचं 135 ते 145 च्या दरम्यान असतं, आणि तेवढ्या चिंचोळ्या पट्टीत दीड मिलीमोल ही मोठी रक्कम आहे. म्हणून हा घोळ सोडियममध्ये हमखास होतो.

यावरचा उपाय माझा नाही, जुना आहे. 1878 मध्ये अ‍ॅडकॉकनं उभ्याऐवजी रेघेला लंब अंतरं घ्यायचं सुचवलं. पुढच्याच वर्षी कुमेलनं दोन्ही बाजूंची गडबड सारखी नसेल तर काय करायचं ते मांडलं. 1901 मध्ये पिअर्सननं तीच लंब अंतराची गोष्ट रेघेवरून प्रतलापर्यंत नेली. 1943 च्या पुस्तकात डेमिंगनं ती वापरात आणली, म्हणून लॅबवाले तिला डेमिंग रिग्रेशन म्हणतात. टोटल लीस्ट स्क्वेअर्स हे नाव 1980 मध्ये गोलब आणि व्हॅन लोन यांच्या लेखानं रूढ झालं. गाभा एकच: दोष दोन्ही आकड्यांत वाटून द्या आणि तो कुठल्या प्रमाणात वाटायचा ते आधी सांगा. ते प्रमाण म्हणजे `d`, उभ्या गडबडीचा व्हेरियन्स भागिले आडव्या गडबडीचा.

```
b = (Syy - d*Sxx + sqrt((Syy - d*Sxx)^2 + 4*d*Sxy^2)) / (2*Sxy)
```

`b` म्हणजे चढ, `Sxx` आणि `Syy` हे जुन्या आणि नव्या मशीनच्या रीडिंगचे व्हेरियन्स, `Sxy` कोव्हेरियन्स, म्हणजे दोन्ही रीडिंग एकत्र किती हलतात ते. आमच्याकडे ते 11.3, 12.1 आणि 9.2 होते. `d` एक धरला, म्हणजे नेमकं लंब अंतर, तर चढ येतो 1.04. रेघ सरासरीच्या बिंदूतून जातेच, साध्या रेघेसारखी. तो बिंदू होता 138.0 आणि 138.4. तिथून मागे गेलं की जुन्या मशीनच्या 120 ला नव्याचं 119.6 मिळतं. चार मिलीमोलची भीती गेली. अक्ष उलटे केले तरी तीच रेघ येते, नुसती आरशात पाहिल्यासारखी.

हे सगळं मी त्या दिवशी फळ्यावर मांडलं. डॉक्टर शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मॅडम, पद्धत बदलली आणि उत्तर बदललं. उद्या तिसरी पद्धत आणाल. तुम्हाला पाहिजे ते उत्तर येतपर्यंत बदलत राहाल काय?"

हे मला लागलं. अजूनही लागतं, कारण ते निव्वळ अन्यायाचं बोलणं नव्हतं. `d` एक आहे हे ठरवलं कुणी? मीच. जुन्या मशीनवर मोजकेच नमुने दोनदा लावले होते, नव्यावर त्याहून कमी. दोन्हींची गडबड सारखीच दिसली, पण इतक्या थोड्या जोड्यांवरून व्हेरियन्सचं गुणोत्तर धड कळत नाही. नव्या मशीनच्या गडबडीचा व्हेरियन्स जुन्याच्या दुप्पट असता तर चढ 0.95 आला असता, निम्मा असता तर 1.14. साध्या रेघेत हा प्रश्न दिसतच नाही, म्हणून ती प्रामाणिक वाटते. खरं तर तिथंही कुणीतरी `d` ठरवलेलाच असतो: आडवी गडबड शून्य, म्हणजे `d` अनंत. हे मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांना ती पळवाट वाटली.

त्यांनी न विचारलेली एक गोष्ट मी आपणहून सांगितली. माझ्या 1.04 ची मर्यादा साधारण 0.83 ते 1.26 होती. त्यात एक बसतो आणि 0.85 सुद्धा बसतो. मशीन निर्दोष आहे असं मी सिद्ध केलं नव्हतं, फक्त ते दोषी असल्याचा पुरावा काढून घेतला होता. विकणाऱ्या पोराचा चेहरा उतरला. दोन्ही पक्षांना एकाच दुपारी नाराज करायची कला मला साधलेली आहे.

मशीन परत गेलं. त्याचं कारण चढ होता की भाव, मला आजतागायत कळलं नाही.

पूर्वी मी वर्गात बेधडक सांगायची: दोन्हीकडे गडबड असली की टोटल लीस्ट स्क्वेअर्स, विषय संपला. आज मी त्या बाईशी भांडेन. जुन्या मशीनवर एखाद्याचं 145 आलं आणि तोच नमुना नव्यावर किती दाखवेल एवढंच सांगायचं असेल, तर साधी रेघच बरोबर. त्या 145 मध्ये थोडी गडबड आहे हे धरूनच ती खालचा अंदाज देते, आणि असेच रुग्ण येत राहिले तर सरासरीत तो बरोबर निघतो. अंदाजासाठी 0.81 आणि मशीनच्या तुलनेसाठी 1.04, दोन्ही एकाच ढगातून आणि दोन्ही बरोबर. हे ऐकलं की लोक माझ्याकडे असं पाहतात की जणू मी दोन्हीकडून पैसे घेतलेत.

लंब अंतराला एककांचंही भान नसतं. एका मशीनचं ग्लुकोज मिलीग्रॅममध्ये आणि दुसऱ्याचं मिलीमोलमध्ये असेल आणि `d` एकच ठेवला, तर निघणारा चढ कशाचाच नसतो. साध्या रेघेत एकक बदललं की चढ त्याच पटीत बदलतो, गोष्ट तीच राहते. इथं एककासोबत `d` सुद्धा बदलावा लागतो. ते न करता प्रोग्राममध्ये आकडे ओतून आणलेल्या रेघा मी पाहिल्यात, आणि त्यापेक्षा एक्सेल परवडलं.

तर पुढच्या वेळी आकडे घेऊन याल तेव्हा निदान वीसेक नमुने दोन्ही मशीनवर दोनदोनदा लावून आणा. प्रत्येक जोडीतल्या फरकाचा वर्ग करा, सरासरी काढा, दोननं भागा: त्या मशीनची गडबड मिळाली, आणि दोन मशीनच्या अशा दोन आकड्यांचं गुणोत्तर म्हणजे `d`. आयसीयूतले 125 च्या खालचे आणि 150 च्या वरचे नमुने जमतील तेवढे राखून ठेवा. रिएजंट वाया जातं म्हणून दुसऱ्यांदा लावत नाही, असं तुम्ही म्हणाल. ठीक आहे, मग `d` तुम्ही सांगा, मी तोच घालते, आणि अहवालात तो तुमच्या नावावर लिहिते.