आमची वाटचाल : संविदेचा करार झाला तेव्हा

नागपूरच्या सीताबर्डीतलं आमचं टायपिंगचं दुकान सुरुवातीला अर्ज, शपथपत्रं आणि प्रबंधांवर चालायचं. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. पुढे विद्यार्थी वहीचे फोटो मोबाइलवर घेऊन येऊ लागले आणि त्याची मुद्देसूद टाइप केलेली रूपरेषा मागू लागले. आज आमचं नाव आहे ते या कामामुळे, आणि दुकान बुडायची वेळ आली तीही याच कामात.

महाल भागातल्या एका ताईंच्या एलएलबीच्या नोट्स होत्या. विषय भारतीय संविदा अधिनियम, १८७२. फोटो अडतीस. सर वर्गात मराठीतून शिकवायचे आणि शब्दांच्या बाबतीत काटेकोर होते. दोन पक्षांचं जमलं की तो करार, आणि कायद्यानं जो अमलात आणता येतो तो करार म्हणजे संविदा. कलम २ मधला हा फरक त्यांनी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहून दिला होता : "प्रत्येक संविदा हा करार असतो, पण प्रत्येक करार ही संविदा नसते."

आमच्या टायपिस्टला वाटलं, संविदा हा जड शब्द आहे, लोक तर 'करार कायदा'च म्हणतात. त्यानं फाइल पूर्ण झाल्यावर `Replace All` दाबलं. हेतू वाईट नव्हता. ताईंच्या हातात वाक्य पडलं ते असं : "प्रत्येक करार हा करार असतो, पण प्रत्येक करार ही करार नसते."

या चुकीचा स्वभाव समजून घ्या. एका शब्दाऐवजी दुसरा नवा शब्द घातला असता, तर उलटा बदल करून मूळ परत आलं असतं. इथे मात्र 'करार' हा शब्द फाइलीत आधीपासूनच होता. दोन शब्द एकात मिसळले, फाइल सेव्ह होऊन बंद झाली, आणि आता कुठला करार मूळचा आणि कुठला बदललेला हे फाइल सांगू शकत नव्हती. सांगू शकत होते ते फक्त फोटो.

थोडी मदत व्याकरणानं केली. संविदा स्त्रीलिंगी, करार पुल्लिंगी. त्यामुळे "वैध करार होते", "ही करार" असं जिथे आलं तिथे चोर सापडला. शिवाय शोध 'संविदा' या रूपाचाच होता, म्हणून "संविदेचे घटक", "संविदेत" ही रूपं शाबूत राहिली. पण "वैध करार : घटक" अशा नुसत्या शीर्षकात ना क्रियापद, ना लिंग. तिथे अडतीसही फोटो परत उघडावे लागले. ताईंनी दोन दिवस थांबायचं कबूल केलं आणि पुढे त्यांच्या वर्गातली निम्मी मुलं आमच्याकडे पाठवली. त्यांचं ऋण आहे.

दरम्यान दोन दुकानं पलीकडच्या एकानं अर्ध्या दरात काम सुरू केलं आणि "बर्डीत एक जण नोट्स बिघडवतो" हेही पसरवलं. स्वतः मात्र तो फोटोतून मजकूर उचलून "शुद्ध मराठीत" बसवून द्यायचा, म्हणजे आम्ही एकदा चुकून केलं ते हा रोज ठरवून करायचा. गिऱ्हाईक त्याच्याकडे गेलं ते दरासाठी. वर्षभर भाडं निघेना. तो राग अजून गेलेला नाही, खोटं कशाला बोलू.

त्यातून आमची पद्धत ठरली. टायपिंगला हात लावण्याआधी पहिली दहा पानं फक्त वाचायची आणि रजिस्टरमध्ये सरांचे शब्द उतरवायचे : शब्द वहीत जसा लिहिलाय तसा, पहिल्यांदा आलेला फोटो क्रमांक, त्याचं संक्षिप्त रूप, आणि शंका. संक्षिप्त रूपाचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. ताईंच्या वहीत "सं." होतं, ते कुठे संविदा, कुठे संमती. "मुक्त सं." म्हणजे कलम १४ ची संमती, आणि "वैध सं." म्हणजे संविदा. शेजारचा शब्द पाहिल्याशिवाय "सं." उलगडायचं नाही.

टायपिंग आधी सपाट, नुसते परिच्छेद. रूपरेषेच्या पातळ्या नंतर `Heading 1` ते `Heading 3` लावून, आणि मुद्दा एक पातळी आत ढकलायला `Alt+Shift+→`. तीनपेक्षा खोल जायचं नाही. वहीतही सर त्यापलीकडे क्वचितच गेलेले असतात. पातळी ठरवताना सरांचा क्रमांक धरायचा. आपल्याला बरा वाटतो म्हणून मुद्दा वरखाली केला, तर उत्तर लिहिताना मुलाच्या डोक्यातला फळा आणि हातातला कागद जुळत नाही.

मग मोजणी. फाइल साध्या मजकुरात काढून नोटपॅड प्लस प्लसमध्ये `Count` दाबायचं. शोधायचं ते पूर्ण शब्दानं नव्हे, 'संविद' या तुकड्यानं, म्हणजे संविदा, संविदेचा, संविदेत सगळे धरले जातात. टायपिंग संपल्यावर एकदा आकडा लिहून ठेवायचा, पातळ्या लावून झाल्यावर परत. आकडा हलला की कुणीतरी "सुधारणा" केली आहे. 'करार' मोजताना करारनामाही त्यात येतो, तो वेगळा मोजून वजा करा.

देवनागरी आकड्यांचा घोळ वेगळाच. घाईत लिहिलेले ६ आणि ९ एकमेकांचे आरशातले भाऊ. "क. १६" की "क. १९"? कलम १६ म्हणजे गैरवाजवी दबावाची व्याख्या. जबरदस्ती, कपट किंवा गैरसमज करून देऊन संमती घेतली तर काय होतं, ते कलम १९ मध्ये. दोन्ही एकाच पानावर येतात, आणि दबावाचा परिणाम पुन्हा कलम १९क मध्ये, त्यामुळे आजूबाजूचं वाक्यही लगेच साथ देत नाही. अधिनियमाची प्रत टेबलावर असते, ती पाहायची. पण पाहून आकडा बदलायचा नाही. वहीत दिसतो तो लिहायचा, पिवळा करायचा आणि पुढे फोटो क्रमांक टाकायचा. सरांनीच चुकीचा सांगितला असेल तर ते सरांना विचारायचं काम विद्यार्थ्याचं.

फोटोंबद्दल न विचारता सांगतो. वही कूलरसमोर ठेवून फोटो काढू नका. उन्हाळ्यात आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या फोटोंत पानाचा कोपरा उडालेला असतो आणि तिथलीच ओळ हवी असते. उजेड डाव्या बाजूच्या खिडकीतून, मोबाइल पानाच्या बरोब्बर वर, चारही कडा चौकटीत. पातळ कागदावर मागची शाई दिसत असेल तर पानाखाली काळा कार्ड पेपर सरकवा. मागचा अनुस्वार पुढच्या पानावर उमटला की 'संमती'ची 'संमंती' होते. आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो, आणि पेन्सिलीतला रफार पहिल्यांदा जातो.

पूर्वीच्या कृतीदेव फॉन्टमधल्या फाइली आम्ही आता घेत नाही. मोबाइलवर उघडल्या की रोमन अक्षरांचा काला दिसतो आणि शोधही लागत नाही. त्यापेक्षा फोटोवरून नव्यानं युनिकोडमध्ये केलेलं बरं.

गिऱ्हाइकाला दोन गोष्टी जातात : रूपरेषा, आणि रजिस्टरवरून उतरवलेली सरांच्या शब्दांची यादी. ज्याला पुस्तकातला प्रतिशब्द हवा असेल त्यानं यादीत समोर हातानं लिहावा. पिवळ्या शंका आम्ही पुसून देत नाही. ताईंच्या शेवटच्या फाइलीत अशा सात होत्या. पाच त्यांनी वर्गमैत्रिणीच्या वहीवरून सोडवल्या, आणि दोन ठिकाणी वहीतल्या अक्षरापुढे आजही प्रश्नचिन्ह आहे.