चार शब्दांची म्हण, अख्ख्या दुपारचं काम

आमची अनुवादाची फर्म पुण्यात जन्मदाखले आणि गुणपत्रिकांवर उभी राहिली. जर्मनीला शिकायला किंवा नोकरीला निघालेल्या मुलांची कागदपत्रं हे आमचं रोजचं काम होतं. पुढे चाकणच्या कारखान्यांकडून मशिनची माहितीपत्रकं येऊ लागली. या दोन्हींत म्हणी नसतात. स्क्रू किती आवळायचा हे सांगताना कोणी लाक्षणिक बोलत नाही.

म्हणी आल्या त्या एका कंपनीच्या गृहपत्रिकेतून. जर्मन साहेब दर अंकात एक पान लिहायचे आणि आम्ही ते कामगारांसाठी मराठीत आणायचो. साहेबांना म्हणींची भारी हौस. एकदा त्यांनी एका फिटरची गोष्ट लिहिली. हा माणूस जिग, म्हणजे काम करताना सुटा भाग धरून ठेवणारा साचा, बदला म्हणून वर्षानुवर्षं मागे लागला होता आणि शेवटी व्यवस्थापनाला ऐकावं लागलं. खाली म्हण होती : श्टेटर ट्रॉपफेन ह्योल्ट डेन श्टाइन. सतत पडणारा थेंब दगडाला खड्डा पाडतो.

थेंब दिसला की मराठी माणसाच्या तोंडी ‘थेंबे थेंबे तळे साचे’ येतंच. पण इथे साचलं काय? काहीच नाही. आपली म्हण साठवणीची आहे, पैपैशाची. जर्मन म्हण झिजवण्याची आहे. कोणीतरी अडून बसलंय आणि दुसरा चिकाटी सोडत नाही. ‘प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे’ अर्थाने जवळ येतं, पण त्यात अशक्य गोष्ट शक्य होते, आणि जिग बदलणं काही अशक्य नव्हतं. शेवटी आम्ही तयार म्हण शोधणं सोडलं आणि लिहिलं, ‘रोजच्या दोराने विहिरीच्या दगडालाही खाच पडते.’ ही कोशातली म्हण नव्हे, पण जुन्या विहिरीच्या काठावरची ती खाच बहुतेक कामगारांनी गावी पाहिलेली असते. चित्र बदललं, झिजणं मात्र राहिलं.

आपल्या तळ्याच्या म्हणीला जर्मनमध्ये खरी जोडी आहे, पण ती थेंबांची नाही. क्लाइनफी माख्ट आउख मिस्ट, म्हणजे बारकी जनावरंसुद्धा शेण टाकतात. छोट्या छोट्या कमाईचीही बेरीज होते, हाच अर्थ. शब्दांवरून शोधणाऱ्याला ही जोडी कधीच सापडणार नाही. म्हणून आमच्याकडे नव्याने येणाऱ्या मुलांना मी चित्राकडे आधी पाहूच देत नाही. ही म्हण कोण कोणाला म्हणतं, कधी म्हणतं, आणि ऐकणाऱ्याला ती समजूत वाटते की टोमणा, एवढं आधी कागदावर लिहायचं. मग पर्याय.

यातलं सगळ्यात अवघड काम एका लेखापरीक्षण अहवालासोबतच्या पत्रात आलं. खरेदीची बिलं तपासायचं काम खरेदी विभागाकडेच दिलेलं होतं. त्यावर जर्मन तपासनीसाने लिहिलं होतं की इथे डेन बॉक त्सुम गेर्टनर माखन, म्हणजे बोकडालाच माळी केलं आहे. मराठी मसुद्यात आमच्या सहकाऱ्याने साहजिकच ‘कुंपणानेच शेत खाल्लं’ लिहिलं. वाचायला झकास. पण पत्र युनियनच्या हाती जाणार होतं आणि या वाक्याचा सरळ अर्थ होतो की खरेदीवाल्यांनी पैसे खाल्ले. अहवालात तसा आरोप कुठेच नव्हता.

फरक क्रियापदात आहे. मराठी म्हणीत कुंपण कर्ता आहे आणि खाऊन झालेलं आहे. जर्मनमध्ये बोकडाने अजून एक पानही तोडलेलं नाही. त्याला माळी नेमणारा मूर्ख ठरतो. दुसरा पर्याय होता ‘चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या’. यात दोष नेमणाऱ्याकडे जातो खरा, पण ज्याच्या हाती किल्ल्या दिल्या त्याला आपण आधीच चोर म्हणून बसतो. बोकड चोर नाही. पाला खाणं हा त्याचा स्वभाव आहे. आमची सांगलीकडची सहकारी म्हणाली, ‘अहो सर, मांजरावर दुधाची राखण सोपवली म्हणा की.’ नेमणारा आला, स्वभाव आला, आणि दूध अजून भांड्यातच आहे. तेच गेलं.

अशा वेळी कोश लागतात, पण ते पुरत नाहीत. जर्मनसाठी डूडेनचा अकरावा खंड हाताशी असतो, तो वाक्प्रचारांचाच आहे. मराठीसाठी दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश. कोश अर्थ सांगतो. आज ही म्हण कोणाच्या तोंडी शोभते ते सांगतोच असं नाही. जर्मनचं ते DWDS या संकेतस्थळावर वर्तमानपत्रांतली उदाहरणं वाचून कळतं. मराठीसाठी आम्ही माणसांना विचारतो, आणि शक्यतो पुण्याबाहेरच्या.

उलट दिशेने, म्हणजे मराठीतून जर्मनमध्ये जाताना, अर्थ पोचतो पण चव राहून जाते. एका कथेत आत्याबाई भाचेजावयाला पाहून म्हणतात, ‘आयत्या बिळावर नागोबा!’ जर्मनमध्ये याला जवळजवळ तंतोतंत जोडी आहे : झिश इन्स गेमाख्टे नेस्ट झेट्सेन, तयार घरट्यात जाऊन बसणे. तिकडे ती बहुधा श्रीमंत घरात लग्न करणाऱ्याबद्दलच वापरतात, म्हणजे प्रसंगही जुळला. पण घरटं उबदार असतं. बिळात शिरलेल्या सापाची अढी त्यात नाही, आणि ‘नागोबा’तला तो मानाचा ‘बा’, ज्यात सगळी खोच आहे, तो तर गेलाच. आमची जर्मन संपादक सापाचं चित्र तसंच ठेवायला तयार होती. मी नको म्हटलं. परकं चित्र ठेवलं की आत्याबाई रागावलेल्या वाटत नाहीत, काहीतरी पौर्वात्य सुभाषित सांगतायत असं वाटतं. मग आम्ही घरटं ठेवलं आणि वाक्याच्या शेवटी ‘डेर फाइने हेर’ जोडलं. शब्दशः ‘हे सभ्य गृहस्थ’, पण असं शेपटीला लावलं की जर्मन कानाला ते टोचतं. नागोबाचा ‘बा’ असा दुसऱ्या दाराने आत आला.

या कामाने आमचा दर बदलायला लावला. पूर्वी आम्ही सरसकट शब्दावर पैसे घ्यायचो. चार शब्दांच्या म्हणीला अख्खी दुपार जाते आणि बिलात तिचे चार शब्द लागतात, हे किती दिवस चालणार? आता भाषणं, पत्रिका आणि कथा यांना तासाचा दर आहे. काही गिऱ्हाईकं त्यावरून गेली. त्यांचं माहितीपत्रकांचं काम अजून येतं, भाषणं दुसरीकडे जातात.

आमची जोड्यांची एक एक्सेल फाइल आहे. तिच्यात अर्थाच्या शेजारी ‘बोचतं कोणाला’ असा रकाना आहे आणि मला तोच सगळ्यात उपयोगी वाटतो. जातीवरून किंवा बायकांवरून केलेल्या आपल्या म्हणी कंपनीच्या मजकुरात आल्या की आम्ही साधं वाक्य लिहितो आणि गिऱ्हाईकाला तसं कळवतो. कथेत मात्र पात्राच्या तोंडची म्हण गाळत नाही. जर्मनमध्येही ‘गेट्युर्क्ट’सारखा शब्द आहे, ‘बनावट’ या अर्थाचा, पण तो तुर्कांच्या नावावरून घडलेला. तोही आम्ही टाळतो.

परवा शेतीची अवजारं बनवणाऱ्या एका उद्योजकाचं जर्मन ग्राहकाला पत्र होतं. दुसऱ्या एका पुरवठादाराबद्दल त्याने मस्त लिहिलं होतं, ‘नाचता येईना अंगण वाकडे’. फाइलमध्ये जोडी तयारच होती. जर्मन म्हणतात, शेतकऱ्याला पोहता आलं नाही की दोष पोहण्याच्या चड्डीचा. तोच अर्थ, तोच मिश्कीलपणा. पण रकान्यात स्पष्ट लिहिलं होतं : शेतकरी. आणि ते पत्र शेतकऱ्यांना नांगर विकणाऱ्या कंपनीला जाणार होतं. आम्ही लिहिलं, ‘दोष ते स्वतःच्या कामात शोधत नाहीत, आमच्या ड्रॉइंगमध्ये शोधतात.’ उद्योजकाला फोन केला, तर ते हिरमुसले. म्हणाले, ‘म्हण गेली की हो.’ गेली खरी. पत्र तसंच पाठवलं.